माशाचा मोतीबिंदू

मेहुण्याने लोगो पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, बॅकग्राउंड मी काढून टाकलंय. तुम्ही फक्त व्हेक्टर करून द्या." या 'फक्त'ने माझा रविवार खाल्ला.

लोगो तसा साधा. निळी गोल तबकडी, त्यात नारिंगी मासा, त्याला पांढरा डोळा, डोळ्यात काळं बुबुळ आणि तोंडासमोर तीन पांढरे बुडबुडे. इंकस्केप या व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची चित्रं बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्र आणलं, ठिपक्यांवरून आकार आखून देणारं Trace Bitmap उघडलं. अनेक रंगांच्या पर्यायात Scans चा, म्हणजे किती रंग शोधायचे त्याचा आकडा आधीपासून 8 होता, तो तसाच ठेवला. मग चार रंगांच्या लोगोत आठ रंग निघाले. तबकडीच्या कडेचे धूसर ठिपके त्याने इमानदारीने फिकट निळ्या शेड समजून घेतले आणि तबकडीभोवती केसाएवढ्या बारीक कड्या चढवल्या. आकडा 4 केला, रंगांचे थर एकमेकांखाली न पसरता शेजारी-शेजारी बसावेत म्हणून Stack वरची खूण काढली, कड्या गेल्या. नवं चित्र जुन्याच्या बरोब्बर डोक्यावर बसतं, म्हणून ते बाजूला ओढून जुनं डिलीट केलं. पांढऱ्या कॅनव्हासवर मासा झकास दिसत होता. दिला पाठवून.

दहा मिनिटांत फोन. "दाजी, हिरव्या टी-शर्टवर ठेवून बघितला, तर माशाभोवती पांढरा चौकोन येतोय."

चौकोन? त्याने तर बॅकग्राउंड काढलं होतं! पण ट्रेसिंगच्या दृष्टीने आरपार जागा म्हणजे पांढरी जागा. जे नव्हतं, ते इंकस्केपने नव्याने बनवून दिलं होतं, आणि पांढऱ्यावर पांढरं मला दिसणार तरी कसं? मग मी एक हिरवा आयत काढला, End दाबून सगळ्यांच्या खाली ढकलला, तेव्हा चौकोन उजेडात आला. (हे पाठवण्याआधी करायचं असतं.)

ग्रुप सोडवला, पांढऱ्यावर क्लिक केलं, Delete. चौकोन गेला. डोळाही गेला, बुडबुडेही गेले. माशाच्या खोबणीतून आता हिरवा टी-शर्ट माझ्याकडे बघत होता. कारण ट्रेसिंग एका रंगाचा एकच पाथ, म्हणजे एकच जोडलेला आकार बनवतं. बाहेरचा चौकोन, डोळा आणि बुडबुडे कागदोपत्री एकाच कुटुंबातले. एकाला हाकललं की सगळं बिऱ्हाड निघालं.

Ctrl+Z. आता वाटणी करायची ठरवली: Path मेनूतलं Break Apart. आणि स्क्रीनवर मासाच नाही! नुसता पांढरा चौकोन. तुकडे झाले की भोकंही भोकं राहत नाहीत, तीसुद्धा भरलेले आकार होतात. चौकोनात तबकडीपुरतं जे भोक होतं, ते बुजून तबकडीएवढी पांढरी टिकली तयार झाली. पांढरा थर सगळ्यांत वर, त्यामुळे खालचा मासा जिवंत असूनही दिसेना.

इथे Ctrl+5 दाबलं. रंग जाऊन नुसत्या बाह्यरेषा उरल्या, आणि जीव भांड्यात पडला. खालच्या पट्टीत निवडलेल्या वस्तू सात दाखवत होत्या: चौकोन, टिकली, डोळा, बुबुळ, तीन बुडबुडे. तुकडे केल्यावर ते सगळे निवडलेलेच राहतात, हा त्या दिवशीचा एकमेव आनंद. जे हवं, त्याच्या रेषेवर Shift धरून क्लिक करत गेलो, ते ते निवडीतून सुटत गेलं. पाच जणांना सोडवलं, उरलेल्या दोघांवर Delete.

रंग परत आणले. चौकोन नाही, बुडबुडे जागेवर, डोळाही आहे. पण सगळा पांढरा. माशाला मोतीबिंदू! बुबुळाचं भोकही बुजलं होतं ना. त्याच्यावर पांढरा तुकडा पडदा धरून बसलेला. डोळा आणि तो तुकडा, दोघांना निवडलं आणि Ctrl+K. दोघांचा पुन्हा एक पाथ झाला, भोक उघडलं, खालचं काळं बुबुळ चकाकलं. शस्त्रक्रियेला एक सेकंद, निदानाला दीड तास.

तिसरा बुडबुडा जरा दातरी होता. तोही मी मायेने नोड सरकवून सरकवून छान वाटोळा केला. फाइल पाठवली.

"एकदम मस्त दाजी," मेहुणा म्हणाला. "फक्त बुडबुडे तीन का केलेत? आपल्या लोगोत दोनच आहेत."

"अरे, तूच पाठवलेल्या चित्रात तीन आहेत."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "तो होय! तो बुडबुडा नाही. बॅकग्राउंड खोडताना माझा रबर तिथे चुकून लागला होता."