‘सर्वानुमते’ लिहिण्याची सोपी रीत

अभिनंदन. मच्छीमार संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं रेकॉर्डिंग अखेर तुमच्या मोबाईलवर येऊन पडलं. दोन तास सत्तेचाळीस मिनिटं. सोबत निरोप एका ओळीचा, “तुझा अक्षर बरा आसा, तूच लिही.” आता अक्षर मोबाईलवर काय कामाचं, हा प्रश्न विचारू नका. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची असते, म्हणून संस्थेने ती घाईघाईत उरकली. इतिवृत्ताची घाई आता तुमची.

पहिली गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंग ऐकू नका. ते ऐकणाऱ्या माणसाच्या हातून फार चुका होतात. त्याला कळतं की पहिली बावीस मिनिटं खुर्च्या ओढण्याचा आवाज आहे, कोरम झालेला नाही, अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि त्याच जागी पुन्हा सुरू केली. बहुतेक संस्थांच्या उपविधीत, म्हणजे त्यांच्या नियमावलीत, अशा तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे यात लपवण्यासारखं काहीच नाही. पण एकदा का तुम्ही “सकाळी 10 वाजता कोरमअभावी सभा तहकूब, 10.30 वाजता पुन्हा सुरू” असं लिहिलंत, की वाचणाऱ्याला खरं वाचायची सवय लागते. त्यापेक्षा “सभा मोठ्या उत्साहात सुरू झाली” हे वाक्य घ्या. उत्साह मोजावा लागत नाही.

हजेरीचा आकडा मात्र हवाच. सह्यांच्या वहीत 63 सह्या आहेत ना? मग सगळ्या मतदानांना 63 हीच संख्या धरा. सही करून, नाश्त्याचं पाकीट घेऊन थेट बंदरावर गेलेली माणसं मनाने सभागृहातच होती, असं समजायला काय हरकत आहे? बारा वाजता, सातव्या विषयाला, आत खरोखर 41 डोकी होती, हे रेकॉर्डिंगमध्ये मोजणी चालू असताना ऐकू येतं. म्हणूनच सांगतो, ऐकू नका.

आता शब्दसंपत्तीकडे वळू. “सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन” हे वाक्य पाठ करा. अहवाल दीड मिनिटात वाचून संपला आणि कुणी मानही वर केली नाही, तरी चर्चा साधकबाधकच झाली. उलट बर्फाच्या दरावर चाळीस मिनिटं कडाक्याचं भांडण झालं, तरी तीही साधकबाधकच. हिशेबावर कुणी प्रश्न विचारला आणि चिटणीसांनी “तपासून सांगतो” म्हटलं, तर लिहा, “चिटणीसांनी समाधानकारक उत्तर दिले.” समाधान कुणाचं झालं, हे विचारायला विचारणारा थोडाच इतिवृत्त लिहितोय? “उत्तर दिले” एवढंच लिहिलंत तर वाक्य उघडं पडतं, आणि “तपासून सांगण्याचे आश्वासन दिले” असं लिहिलंत तर पुढच्या वर्षी कुणीतरी ते आश्वासन वाचून दाखवेल.

माणसांसाठीही क्रियापदं ठरलेली आहेत. कार्यकारिणीचे लोक “स्पष्ट करतात” आणि “निदर्शनास आणून देतात”. मागच्या बाकावरचे “आक्षेप घेतात”, “आरोप करतात”, किंवा “गोंधळ घालतात”. सगळ्यांनाच “म्हणाले” किंवा “विचारले” लावलं, तर कोण कुणाच्या बाजूचं हे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागेल. तो ताप त्याला का द्यायचा?

ठराव म्हणजे काय, यावरही डोकं शिणवू नका. ज्याला सूचक आहे, अनुमोदक आहे, ठराविक मजकूर आहे, आणि सभेने ज्यावर होय किंवा नाही म्हटलं आहे, तो ठराव, असं जुनी माणसं सांगतात. जुन्या माणसांना काम कमी असतं. कुणी बंदरातला गाळ काढायची मागणी केली, कुणी डिझेल परताव्याचं काय झालं म्हणून ओरडला, आणि अध्यक्ष दोघांनाही “बघूया” म्हणाले. यातली एक गोष्ट अध्यक्षांच्या आवडीची असेल तर ती “ठराव” या मथळ्याखाली टाका, दुसरी “सूचना” म्हणून शेवटी ढकला. दोन्ही ठिकाणी शब्द तोच होता, “बघूया”. पण त्यांचा स्वर तुम्ही ओळखताच की.

आणि आता तो सातवा विषय. तुमची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

विषय उपविधी दुरुस्तीचा. आजवर सभासदाने संस्थेचा किमान एक भाग, म्हणजे शेअर, घ्यायचा, शंभर रुपयांचा. दुरुस्ती अशी की किमान दहा भाग घ्यावेत. ट्रॉलरवाल्याला हजार रुपये म्हणजे एका फेरीच्या बर्फापुढे काहीच नाही. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाणाऱ्याला ते जाणवतात. त्यामुळे सभागृहात बराच वेळ आवाज आहे. मग अध्यक्ष म्हणतात, “हात वर करा.” एक संचालक मोजतो आणि मोठ्याने “चोवीस” म्हणतो. तेवढ्यात डाव्या बाजूने कुणीतरी ओरडतं, “अरे माझो हात धरू नको, मी पंखो वाढव म्हणतंय!” हशा होतो. “बरा, तेवीस.” विरोधात 14. तटस्थ 4. एक तरुण विचारतो, “बापूस होडीर गेलो, त्येच्या जाग्यार मी हात वर करतंय, चलात मा?” त्यावर कुणी उत्तर दिलं का, ते खुर्चीच्या आवाजात बुडालं आहे. मग मागून एक बाई शांतपणे विचारतात, “दोन तृतीयांश लागतत मा ह्याका?” अध्यक्ष म्हणतात, “तां मागसून बघूया. तेवीस विरुद्ध चौदा. बहुमताने मंजूर.”

आता इथे भोळा माणूस काय करतो, पाहा. तो कागद घेऊन बसतो. उपविधी दुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. मत दिलं 23 अधिक 14, म्हणजे 37 जणांनी. तटस्थांनी मत दिलेलं नाही, म्हणून ते चार यात धरायचे नाहीत. 37 चे दोन तृतीयांश म्हणजे 24.67. माणसाचे तुकडे होत नाहीत, म्हणजे 25 हवेत. मिळाली 23. मग घाम पुसत तो लिहितो “ठराव नामंजूर”, आणि झोपायला जातो. किती मोठी चूक! सभेत तर अध्यक्षांनी “मंजूर” जाहीर केलं होतं. सारांश लिहिणाऱ्याने निकाल फिरवला, म्हणजे तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसला. सहकारात कुणाच्याही खुर्चीत बसलेलं चालतं, पण निवडून येऊन.

दुसरा भोळा याहून भोळा. तो रेकॉर्डिंग ऐकतो आणि जेवढं ऐकलं तेवढंच लिहितो. त्याची नोंद नमुन्यादाखल देतो, म्हणजे काय लिहू नये ते कळेल:

“विषय 7. उपविधी दुरुस्ती, किमान भाग एकाऐवजी दहा. हात वर करून मतदान. बाजूने 23, विरोधात 14, तटस्थ 4. बाजूची मोजणी प्रथम 24 सांगण्यात आली. एका सभासदाने आपला हात मतासाठी नव्हता असे सांगितल्यावर 23 करण्यात आली. एका सभासदाने गैरहजर वडिलांच्या वतीने मत देता येईल का, असे विचारले. ते मत मोजले गेले किंवा नाही, हे रेकॉर्डिंगवरून समजत नाही. दोन तृतीयांश मतांच्या अटीबद्दल एका सभासदाने विचारले. अध्यक्षांनी ते नंतर पाहू असे सांगितले. अध्यक्षांनी ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे जाहीर केले. (रेकॉर्डिंग 1:58:20 ते 2:06:45)”

बघा, केवढा हा अपराध. एकही विशेषण नाही. कोण बरोबर, कोण चूक, याचा पत्ता नाही. पण ज्याला गणित येतं त्याच्या हातात सगळे आकडे दिले आहेत, वर मिनिट-सेकंदही. ज्याला कायदा माहीत आहे त्याला हेही दिसेल की सभासदाचं मत दुसऱ्याने द्यायचं नसतं, म्हणून त्या तरुणाचा हात बाजूने धरला असेल तर 23 चे 22 होतात. आणि दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदली जाईपर्यंत लागू होत नाही, म्हणजे हा कागद त्यांच्या टेबलावर जाणार. अशा कागदावर कोण खूश होणार? ट्रॉलरवाले म्हणणार, पंख्याचं कशाला लिहिलं. रापणवाले म्हणणार, “मंजूर” कशाला लिहिलं.

तुम्ही त्यापेक्षा एकच ओळ लिहा, “विषय 7 : साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.” सर्वानुमते म्हणजे विरोधात एकही मत नाही, असा त्या शब्दाचा एक अर्थ आहे खरा. पण आपल्याकडे त्याचा दुसराही अर्थ रूढ आहे, तो म्हणजे जेवणाची वेळ झाली होती. या एका शब्दात ते 14 जण पाण्यात मिठासारखे विरघळतात. तटस्थ चौघांना तर नाहीतरी कुणी विचारत नव्हतं.

मोजणी न झालेल्या विषयांना काय करायचं? तिथे खरी मजा आहे. लाभांशाच्या ठरावाला कुणी हात मोजले नाहीत, फक्त “मंजूर, मंजूर” असा आवाज आला. भोळा लिहितो, “आवाजी संमती, मतमोजणी झाली नाही, विरोध ऐकू आला नाही.” तुम्ही 63 लिहा. आकडा असला की कागदाला वजन येतं. आणि मागून कुणी वीस टक्के लाभांश द्या म्हणून ओरडला असेल, तर तेही जमेल तेवढं उत्साहात लिहा. कायद्याने पंधरा टक्क्यांवर देता येत नाही, हे निबंधकांच्या कचेरीतला माणूस लाल पेनाने सांगेलच. त्यालाही काम हवं.

आता शेवटची तयारी. मसुदा सभासदांकडे गेला की कुणीतरी म्हणणार, रेकॉर्डिंग लावा. त्यासाठी मोबाईल धक्क्यावरून पाण्यात पडला, हे कारण किनाऱ्यावर कुणी नाकारत नाही. खाडीच्या तोंडाशी भरतीला पडला असं सांगा, म्हणजे शोधायला कुणी उतरणार नाही.

एवढं मात्र बघून ठेवा, की त्या दिवशी सभागृहात आणखी कुणाचा मोबाईल चालू होता का. मला वाटतं पंख्याखालच्या माणसाचा होता. दुसरा हात त्याने वर धरला होता तो त्यासाठीच.