इंदूरचं पाणी आणि गळणारे केस: तीन महिने मागे मोजून बघा

«नाशिक-पुण्याहून इंदूरला आलात आणि केस गळायला लागले? कारण एकच, इथलं बोअरचं जड पाणी. क्षार केसांच्या मुळाशी साचतात आणि मुळं बंद होतात. त्यात माळव्याची कोरडी हवा. शॉवरला फिल्टर लावा, दीड-दोन महिन्यांत गळती थांबते. आमच्या घरी तिघींची थांबली.»

इंदूरला नव्याने आलेल्यांकडे असा निरोप फिरत येतो. त्यातलं आधी मुळांचं पाहू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. केसाचं जिवंत मूळ त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल असतं आणि त्याला रक्तातून पोषण मिळतं. डोक्यावरून ओतलेल्या पाण्यातले क्षार वरच्या वर राहतात: केसाच्या दांड्यावर आणि टाळूच्या पृष्ठभागावर. ते तिथून आत शिरून मूळ बुजवत नाहीत.

केस मुळापासून गळतो तो वेगळ्या कारणाने. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याचं मूळ विश्रांतीत जातं, आणि विश्रांतीत गेलेला केस साधारण तीन महिने डोक्यातच राहून मग गळतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस धरले आणि त्यातले दहा टक्के एका वेळी विश्रांतीत असले, तर दहा हजार केस शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभरेक. ही नेहमीची गळती. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन, लोहाची कमतरता, थायरॉइडची गडबड यांपैकी काही झालं की वाढीतली बरीच मुळं एकदम विश्रांतीत जातात. दहाचे तीस टक्के झाले की रोजचे शंभर केस तीनशेवर जातात. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात. यातली कळीची गोष्ट अशी की धक्का बसतो तेव्हा केस गळत नाहीत, ते दोन-तीन महिन्यांनी गळतात.

म्हणून पाण्याला दोष देण्याआधी कॅलेंडर घ्यावं. गळती वाढल्याचं ज्या आठवड्यात लक्षात आलं, तिथून तीन महिने मागे जायचं आणि त्या सुमाराला काय घडलं होतं ते आठवायचं.

समजा, अकोल्याची एक मुलगी २८ जूनला इंदूरला नोकरीसाठी आली. विजयनगरमध्ये दोघींनी मिळून फ्लॅट घेतला, आंघोळीला बोअरचं पाणी. १५ जुलैपासून तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. मागे मोजलं तर तारीख येते १५ एप्रिल. तेव्हा ती अकोल्यातच होती आणि टायफॉइडने दहा दिवस झोपून होती. ते केस एप्रिलमध्येच विश्रांतीत गेले होते. ती अकोल्यात राहिली असती तरी जुलैमध्ये गळलेच असते. इंदूरच्या पाण्याचा इथे काही संबंध लागूच शकत नाही.

आता तिची मैत्रीण. ती त्याच दिवशी आली, त्याच नळाखाली आंघोळ करते, पण तिची गळती ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू झाली. तीन महिने मागे म्हणजे जुलैचा मध्य. इथे शहर बदलणं खरोखर हिशेबात येतं, पण कुठल्या वाटेने? जुलैपासून तिचं सकाळी पोहे, दुपारी मेसचा अर्धा डबा, रात्री चहा-टोस्ट असं चाललं होतं. घरी रोज वरण, उसळ, अंडी असायची. ऑगस्ट संपेपर्यंत तिचं वजन ५८ किलोवरून ५२ वर आलं होतं. वजन असं पटकन उतरलं आणि ताटातली प्रथिनं नि लोह कमी झालं की शरीर पहिली काटकसर केसांवर करतं. पाणी दोघींचं एक, कारणं मात्र दोन.

जड पाण्याने केसांचं काहीच होत नाही, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. तो केसांवर बसला की केस राठ होतात, गुंततात, आणि ओढून विंचरले की मधेच तुटतात. हे तुटणं आहे, गळणं नाही, आणि दोन्हींतला फरक घरी ओळखता येतो. कंगव्यातले वीस-पंचवीस केस पांढऱ्या कागदावर पसरा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ असेल आणि लांबी पूर्ण असेल तर केस मुळापासून आला आहे. गाठ नसेल, तुकडे आखूड असतील, टोकं फाटलेली असतील तर तो तुटलेला आहे. बहुतेक केसांना गाठ दिसली तर पाण्याचा विषय तिथेच सोडावा. बहुतेक तुकडेच निघाले तर पाणी, ओले केस विंचरण्याची सवय, स्ट्रेटनर आणि रंग यांच्याकडे वळावं.

पाण्याने केसाची ताकद कमी होते का, हेही तपासलं गेलं आहे. कोइम्बतूरमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केसांचे अर्धे नमुने जड पाण्यात आणि अर्धे शुद्ध पाण्यात महिनाभर दिवसाआड बुडवले होते. ताकदीत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे पाकिस्तानात तीन महिने चाललेल्या तशाच प्रयोगात जड पाण्यातल्या केसांची ताकद कमी भरली. निष्कर्ष जुळत नाहीत, पण दोन्ही प्रयोग कापलेल्या केसांवर झाले. मुळाबद्दल त्यातून काही कळत नाही.

हवेचं उत्तर थोडक्यात आटोपतं. कॉलेजं आणि नोकऱ्या धरून लोक इंदूरला येतात ते बहुतेक जून-जुलैत, म्हणजे भर पावसाळ्यात. गळती दिसते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हा त्यांनी इथली कोरडी हवा अजून पाहिलेलीही नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण थोडं वाढतं आणि शरदात गळती वाढते, असं परदेशातल्या काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते ऋतुचक्र माणूस पुण्यात असला तरी चालूच असतं.

आता फिल्टर. पाणी मृदू करायचं तर कॅल्शियम पकडणारं आयन-बदल रेझिन लागतं. शॉवरला बसणाऱ्या बऱ्याच फिल्टरांत कोळसा, जस्त-तांब्याचे कण किंवा क्लोरीन मारणारे खडे असतात. ते क्लोरीन कमी करतात, जडपणा नाही. काहींत रेझिन असतं, पण त्याचा हिशेब करून बघा. चांगलं रेझिन व्यवहारात लिटरमागे साधारण ५० ग्रॅम क्षार पकडतं, म्हणजे डबीतलं २०० मिलिलिटर रेझिन १० ग्रॅम. बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम धरला, तर १० ग्रॅम क्षार २५ लिटर पाण्यातच भरतात. सव्वा बादली! त्यानंतर रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. सोसायटीच्या सॉफ्टनरमध्ये नेमकं हेच होतं, म्हणून तिथे मिठाची पोती लागतात. शॉवरच्या डबीकडून सहा महिन्यांची अपेक्षा धरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे.

जाता जाता: टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही, विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. घरी पाहायचं तर दोन बाटल्यांत अर्धी-अर्धी बाटली बोअरचं आणि आरओचं पाणी घ्या, दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच चिमूटभर कीस टाका आणि हलवा. फेसाऐवजी दह्यासारखा साका दिसला तर पाणी जड आहे. हँडवॉश किंवा शॅम्पू वापरू नका, त्यांचा फेस जड पाण्यातही बऱ्यापैकी होतो.

मग तिघींची गळती थांबली कशी? धक्का एकदाच बसलेला असला तर टेलोजन एफ्लुवियम सहसा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. माणूस फिल्टर विकत घेतो तो गळती कळसाला असताना, म्हणजे उतार सुरू होण्याच्या बेतात. त्या आठवड्यात तेल बदललं असतं तर श्रेय तेलाला गेलं असतं. आणखी एक घोळ धुण्याचा आहे. पाणी दिवसाआड येतं म्हणून जी मुलगी आठवड्यातून एकदाच केस धुते, तिचे रोजचे साठ केस सात दिवस साठून एका दिवशी चारशेवर निघतात. गळती तेवढीच, मोरीतला पुंजका मात्र घाबरवणारा.

«शेगावला पाण्यानेच टक्कल पडलं ना?» असंही या निरोपाखाली कुणीतरी लिहितंच. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावांत पहिला संशय पाण्यावरच होता. पुढच्या तपासात रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं आणि बोट गव्हाकडे वळलं. तिथे केस काही दिवसांतच मूठमूठ निघाले होते. ते विषबाधेचं चित्र आहे, जड पाण्याने राठ झालेल्या केसांचं नाही. पाणी मुळापर्यंत पोहोचतं ते पोटातून: दूषित पाण्याने टायफॉइड झाला की त्या तापाचे केस तीन महिन्यांनी गळतात. म्हणून शॉवरपेक्षा पिण्याच्या पाण्यावर खर्च करणं शहाणपणाचं.

गळती मुळापासूनची असेल तर हिमोग्राम, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासावं, शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. ताप उतरल्यावर लगेच फेरिटिन करू नये, शरीरात दाह असताना ते खोटं वाढलेलं दिसतं. दोन-तीन आठवडे थांबावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवाव्यात, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. लोहाच्या गोळ्या अहवाल पाहून डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू कराव्यात.

केस तुटत असतील तर डोक्याला साबण लावणं बंद करून शॅम्पू वापरा, शेवटचे दोन-तीन लिटर पाणी महापालिकेच्या नळाला येणारं नर्मदेचं किंवा आरओचं घ्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा लेबलवर ईडीटीए लिहिलेला, क्षार काढणारा शॅम्पू लावा. कंडिशनर टोकांना लावून, केस अर्धे वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने खालून वर सोडवत न्या.

भांग रुंद होत चालला असेल, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकत असतील, चाईसारखे गोल चट्टे पडले असतील, टाळूवर खपल्या किंवा दुखणं असेल, किंवा गळती सहा महिन्यांनंतरही तशीच असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. त्यांना गळती सुरू झाल्याची तारीख, त्याआधीच्या चार महिन्यांतले आजार आणि औषधं, आणि वजनाचे आकडे कागदावर लिहून न्यावेत.