कट्ट!

पुतणीनं घरी चॉकलेट करून विकायचं ठरवलं आणि फोटोसाठी माझे हात बुक केले. काम एवढंच होतं : वडी दोन्ही हातांनी धरायची आणि मोडायची. "काका, 'कट्ट' आवाज आला पाहिजे."

पहिली वडी मोडली नाही, वाकली. ताज्या चपातीसारखी, गुमान. वर पांढुरके पट्टे. पुतणीनं चॉकलेट नुसतं वितळवून, साच्यात ओतून फ्रिजमध्ये ढकललं होतं. चूक तिथंच होती. चॉकलेटमधलं कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं म्हणे, आणि त्यातली पाचवी तऱ्हाच तेवढी चकाकते आणि कट्टकन मोडते. बाकीच्या नुसत्याच गोठतात, आमच्या खात्यातल्या फायलींसारख्या.

दुसऱ्या खेपेला मला थर्मामीटर धरायला बसवलं. ४०० ग्रॅमपैकी १०० ग्रॅम चांगलं, चकाकणारं चॉकलेट चिरून बाजूला ठेवलं. उरलेलं ४५ अंशांपर्यंत वितळवलं, म्हणजे जुने कण सगळे विरघळतात. मग चिरलेलं थोडं थोडं घालत ढवळायचं. त्यातले पाचव्या तऱ्हेचे कण बाकीच्यांना वळण लावतात.

"विरजण की गं!" आई दारातून म्हणाली. तिला अर्ध्या मिनिटात कळलं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आता हे खाली ३१ अंशांवर आणायचं होतं. पण मे महिना, कोल्हापुरातली राजारामपुरी आणि स्वयंपाकघरात ३५! खोलीच ३१ हून गरम, तर ते तिथवर निवणार कुठं आणि कसं? मी पातेलं गार पाण्यात ठेवायला निघालो तर पुतणी किंचाळली. एक थेंब आत गेला की साखर ओली होऊन सगळ्याचा चिकटून गोळा होतो, आणि तो परत साच्यात ओतण्याजोगा होत नाही. शेवटी पातेलं, साचे, थर्मामीटर आणि आम्ही तिघं अशी वरात बेडरूममध्ये गेली. एसी २० वर. आई शाल घेऊन बसली.

३१ अंशांना सुरीचं टोक त्यात बुडवून काढलं आणि बाजूला ठेवलं. पाचेक मिनिटांत त्यावरचा थर घट्ट झाला, चकाकला. जमलं! साचे भरले. तासाभरानं उलटे केले तर वड्या आपोआप सुटून पडल्या. आरशासारख्या. मोडल्यावर कट्ट! आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला कुत्रासुद्धा उठला.

"काका! ठसे!"

माझी बोटं. कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं आणि मी काही गोठलेला माणूस नव्हे. आरशावर माझे दहाही ठसे उमटले होते, आधार कार्डाला चालतील इतके स्पष्ट. पुतणीनं कपाळ बडवलं, मग चहाच्या गाळणीतून वर कोको पावडर भुरभुरवली. ठसे झाकले. कागदाचं काम आईनं घेतलं. किराणा दुकानात वाढलेली बाई, चांदीच्या कागदाला नखानं अशा घड्या घातल्या की इस्त्री लाजावी.

फोटो निघाला. खरंच झकास. पुतणीनं आईला मोबाइल दाखवला.

आईनं चष्मा पुसला, स्क्रीन जवळ धरली.

"सगळं बेस हाय. पर त्येच्यावर तपकीर कुनी सांडली?"