ज्ञात-अज्ञात हातांचे आभार

तुमच्या वाट्याला बक्षीस समारंभाचं आभारप्रदर्शन आलं असेल, तर आधी अभिनंदन. कामवाटपाच्या बैठकीत सूत्रसंचालन गोड गळ्याच्या बाई उचलतात, प्रास्ताविक मुख्याध्यापक करतात आणि पाहुण्यांचा परिचय ज्यांनी पाहुणे आणले त्यांच्याकडे जातो. शेवटी आभार उरतात आणि तुम्ही उरता. मी गेली अकरा वर्षं उरतोय, म्हणून दोन शब्द सांगायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. (व्यासपीठावर 'दोन शब्द' म्हणजे वीस मिनिटं, हेही एव्हाना तुम्हाला कळलं असेल.)

सुरुवात कशी करायची, हा प्रश्नच नाही. 'आभार मानणं ही निव्वळ औपचारिकता आहे, आम्हाला आपल्या ऋणातच राहायला आवडेल' असं म्हणा आणि लगेच आभार मानायला लागा. ऋणात राहायचं असेल तर फेडायला कशाला उभे राहिलात, असं आजवर कुणीही विचारलेलं नाही. विचारणार कोण? लोक एव्हाना चपला शोधत असतात.

यादी मात्र नीट करा. तिचा क्रम कुणी किती काम केलं त्यावर ठरत नाही, न म्हटल्यावर कोण किती रागावेल त्यावर ठरतो. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे पदाधिकारी, मग ज्यांनी ढाली दिल्या ते. काम केलेले लोक सहसा रागवत नाहीत, म्हणून ते शेवटी. एवढं करूनही पहिल्या रांगेतून घडी घातलेली चिठ्ठी येतेच: 'उपाध्यक्षसाहेबांचं नाव राहिलं.' नाव तुम्ही घेतलेलं असतं, त्या वेळी साहेब फोनवर असतात. वाद घालू नका, पुन्हा घ्या. एका वर्षी मी एकाच गृहस्थांचे तीनदा आभार मानले. तिसऱ्यांदा टाळ्या सर्वांत जोरात पडल्या.

आता परीक्षकांकडे या. आमच्या वक्तृत्व स्पर्धेचंच घ्या. स्पर्धक बत्तीस, प्रत्येकाला पाच मिनिटं, मध्ये गुण लिहायला मिनिटभर. तीन परीक्षक सकाळी नऊला बसले ते सव्वाबारापर्यंत, आणि त्यात चहा एकदाच, तोही साय धरलेला. विषय, मांडणी, उच्चार, सादरीकरण असे मिळून प्रत्येकाकडे पन्नास गुण, तिघांचे दीडशे. बेरीज केली तर तिसऱ्या क्रमांकावर दोन मुलं, दोघांनाही 118. सारखे गुण पडले तर मांडणीचे गुण बघायचे, हे आधीच ठरलेलं. तिथेही दोघं सारखेच. मग तिघांनी पत्रकं पुन्हा समोर घेतली, एका बाईंना स्वतःच्याच बेरजेत एक गुण कमी धरल्याचं सापडलं आणि निकाल लागला. खोलीचं दार लावून पंचवीस मिनिटं हे चाललं होतं. बाहेर सूत्रसंचालिका बाई प्रेक्षकांना कोडी घालत होत्या.

यातलं एक अक्षरही आभारात आणू नका. 'मान्यवर परीक्षकांनी अत्यंत निःपक्षपातीपणे निकाल दिला' एवढंच म्हणा. या वाक्याची जादू अशी, की तोवर कुणाच्या मनात शंका नसते, ती या शब्दाने येते. मी 'निःपक्षपाती' म्हणालो तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका वडिलांनी शेजारच्या बायकोकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून परीक्षकांकडे. 'बरोबरी झाली होती, म्हणून तिघांनी पुन्हा बेरीज तपासली' असं सांगितलं असतं, तर चौथ्या आलेल्या मुलाला आपण कितीने हुकलो ते तरी कळलं असतं. पण मग भाषण आभाराचं न राहता माहितीचं झालं असतं.

शिक्षकांचे आभार 'मोलाचं मार्गदर्शन' या शब्दांत माना. मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय, यात शिरू नका. बत्तीसपैकी पाच मुलांनी भाषणाची सुरुवात त्याच चार ओळींनी केली आणि पाचही जणांनी 'परंतु श्रोतेहो' म्हणताना उजवा हातच वर केला, हे परीक्षकांनी पाहिलंय. ते मार्गदर्शन मोलाचंच होतं. उलट एका बाईंनी आपल्या वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या मुलाला महिनाभर मधल्या सुट्टीत उभं करून रोज एकच परिच्छेद म्हणायला लावला. त्याला बक्षीस मिळालं नाही, पण पाच मिनिटं पूर्ण झाली. त्यांचं नाव घ्यायचं तर बाकी एकवीस शिक्षकांनी काय केलं, असं स्टाफरूममध्ये निघतं. म्हणून 'सर्व शिक्षकवृंद.' हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात कुणीच दिसत नाही.

पालकांचे आभार सर्वांत शेवटी ठेवा, म्हणजे ते ऐकायला नसताना. बक्षिसं खालून वर दिली जातात. उत्तेजनार्थवाले पालक फोटो काढून आधी निघतात, मग तिसरा क्रमांक, मग दुसरा. तुम्ही 'पालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून' म्हणता, तेव्हा सभागृहात पहिल्या क्रमांकाचे आईवडील असतात, तेही पाहुण्यांबरोबर फोटो व्हायचाय म्हणून. या वाक्याच्या वेळी मान वर करू नका. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की आवाज पडतो.

ध्वनिक्षेपकवाल्याचे आभार मात्र सुरुवातीलाच मानून टाका. तो मागे वायर गुंडाळायला लागलेला असतो आणि पुढच्या कार्यक्रमाला त्याला दुसऱ्या टोकाला पोचायचं असतं. एकदा मी त्याला विसरलो, तर 'ऋणनिर्देश' या शब्दातल्या 'ऋण'वरच माईक गेला. 'निर्देश' मी तोंडी केला.

राहता राहिले स्वयंसेवक. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक तयार वाक्य आहे: 'या कार्यक्रमासाठी ज्ञात-अज्ञात अनेक हात झटले, अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व.' हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. अनवधानाने काहीही राहिलेलं नसतं. नावं विचारलेलीच नसतात.

यंदा ते म्हणताना सहज डावीकडे नजर गेली. विंगेत नववीतली एक मुलगी ढालींचं रिकामं तबक छातीशी धरून उभी होती. सकाळी तीच परीक्षकांच्या बाजूच्या बाकावर घड्याळ आणि पितळी घंटा घेऊन बसली होती. चार मिनिटं झाली की एक टोला, पाच झाली की दोन. बत्तीस वेळा. सातव्या मुलाला शब्द आठवेना तेव्हा हिचा हात टोल्यावरच थबकला होता आणि त्याने वाक्य पुरं केल्यावर तिने तो हळूच वाजवला. नियमाने ते चुकीचंच. परीक्षकांपैकी एकाने ते पाहिलं आणि मान खाली घालून लिहीत राहिले. तिच्यापर्यंत चहा आला नव्हता. पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या मात्र तिनेच मांडल्या होत्या.

माझ्या कागदावर चौदा नावं होती. पंधरावं घ्यायला जागाही होती. पण मुख्याध्यापकांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, 'सर, आटपा हं' असं ओठांनीच म्हणाले आणि मी 'अनेक हात' म्हणून मोकळा झालो. मग वंदे मातरम् झालं, पाहुणे अल्पोपाहाराला गेले, खुर्च्या एकात एक बसायला लागल्या.

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा ती समोर आली.

"सर, घंटा कपाटात ठेवू की ऑफिसात?"

"ऑफिसात ठेव," म्हणालो.