घाण्याची लय आणि २० सेकंदांची जाहिरात

लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढणाऱ्या एका छोट्या कुटुंबाची जाहिरात गेल्या महिन्यात केली. लांबी २० सेकंद, शॉट पाच. पहिल्या मीटिंगलाच त्या घरातल्या ताईंच्या मुलानं मोबाईल पुढे केला. "दादा, हे लावा ना, सध्या सगळीकडे हेच चालतंय. एकदम कडक आहे." मिनिटाला १२८ ठोक्यांचा डान्स ट्रॅक होता तो.

नाही म्हणण्याआधी मी त्यांनाच लावून दाखवलं. आमच्या शॉटमध्ये घाण्याची एक फेरी साधारण चार सेकंदांत पुरी होते. तेवढ्या वेळात त्या ट्रॅकचे आठ-नऊ ठोके निघून जातात. ताई लगेच म्हणाल्या, "आपला घाणा बंद पडल्यासारखा वाटतोय." खरंच तसंच वाटत होतं. संथ चित्राला जलद संगीत लावलं की चित्रात वेग येत नाही, उलट ते रेंगाळल्यासारखं दिसतं. शिवाय गाजणारं गाणं रीलमध्ये सहज लावता येतं म्हणून ते जाहिरातीत वापरायची परवानगी आपल्याला मिळाली, असं होत नाही. हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो, तरी निम्मे जण रुसतातच.

माझं ठाम मत आहे की लय आधी चित्रात शोधावी, मग संगीत शोधायला बसावं. इथे ती घाण्यातच होती. मिनिटाला ६० ठोके घेतले की एक ठोका एक सेकंदाचा, चार ठोक्यांचं एक आवर्तन चार सेकंदांचं, आणि २० सेकंदांत बरोबर पाच आवर्तनं. घाण्याची एक फेरी म्हणजे एक आवर्तन! नुसते ६० ठोके झोपाळू वाटतात, म्हणून तारेच्या वाद्यावर आतून हलकी दुगुन ठेवली, म्हणजे एका ठोक्यात दोन आघात. लय तीच राहिली आणि अंगात चलनही आलं.

मग स्वभावाचा प्रश्न. "मराठमोळं हवंय" म्हटलं की लोक ढोलकी मागतात. पण ढोलकीची थाप पडली की आपल्या डोळ्यांसमोर फड उभा राहतो, सनई म्हटलं की मांडव, ढोल-ताशा म्हटलं की मिरवणूक. हे तेल यातलं काहीच नाही. ते रोजच्या स्वयंपाकघरातलं, कमी बोलणारं आहे. म्हणून एका बाईचं शब्दाविना गुणगुणणं घेतलं, जात्यावर बसल्यावर ओठांवर येतं तसं. ते पहिल्या आठ सेकंदांपुरतंच, कारण पुढे ताईंचं निवेदन सुरू होतं आणि दोन बायकांचे आवाज एकमेकांत मिसळले की शब्द बुडतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फोडणीनं. खरी फोडणी रेकॉर्ड केली, आणि डोळे मिटून ऐकली तर चक्क पाऊस! नुसतं चर्रर्र ऐकून मेंदूला कढई सापडत नाही. मग आधी मोहरीचे तीन-चार सुटे तडतडणारे दाणे ठेवले आणि त्यानंतर कढीपत्त्याचा चर्रर्र. संगीतात एक खुळखुळा होता, तो या आवाजाच्याच बारीक पट्टीत वाजत होता, म्हणून काढून टाकला. बाराव्या सेकंदाला फोडणी पडते; त्याआधी अर्धा सेकंद संगीत पूर्ण थांबवलं. त्या अर्ध्या सेकंदामुळे फोडणी ऐकू येते, आवाज वाढवून तसं झालं नव्हतं.

शेवट मी कधीच हळूहळू विझवत नाही. छोट्या जाहिरातीत तसं केलं की कुणीतरी मध्येच बटण दाबल्यासारखं वाटतं. मूळ संगीताचा खरा शेवट उचलायचा, तो जागेवर ठेवायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. आमचा शेवटचा सूर सोळाव्या सेकंदाला, बाटली दिसते त्याच समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर ठेवला, आणि उरलेले चार सेकंद तो नुसता घुमू दिला. सुरुवातीचं संगीत आणि हा उचललेला शेवट यांच्यामधला सांधा फोडणीच्या आवाजाखाली लपला.

सगळं जुळल्यावर फोनच्या स्पीकरवर ऐकलं. स्टुडिओत छान वाटणारा खालचा घुमारा तिथे गायब होता, कारण फोनला तो खर्ज झेपतच नाही. पण लाकडाची करकर स्पष्ट होती. म्हणून शेवटच्या सुराखाली ती करकर पुन्हा एकदा ठेवली. ताईंच्या सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "हा आपलाच घाणा." यापेक्षा मोठी पावती मला नको होती.

आता त्यांना हीच जाहिरात १० सेकंदांत हवी आहे. ६० च्या लयीत अडीच आवर्तनं होतात, सम हुकते. ७२ केली की बरोबर तीन बसतात, पण मग घाण्याची फेरी जुळत नाही. त्यामुळे घाण्याचा शॉट काढून थेट मोहरीच्या दाण्यापासून सुरुवात करतोय.