दांड्या एकमेकींवर चढल्या म्हणून काय झालं?

आईच्या शिक्षणाचा मुलाच्या उंचीशी संबंध या विषयावरच्या माझ्या पेपरवर दोन नंबरच्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय आलाय. आकृती २ मध्ये मॉडेल १ आणि मॉडेल २ चे कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे ठिपक्यांच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या, एकमेकांवर येतात, सबब 'संपत्ती घातल्यावर शिक्षणाचा कोएफिशियंट कमी होतो' हे वाक्य काढून टाकावं. सबब! अख्खा पेपर त्या वाक्यासाठी लिहिलाय आणि या महाशयांनी पट्टी लावून दोन दांड्या मोजल्या आणि निकाल दिला.

बरं, हा माणूस एकटा असता तर सोडून दिलं असतं. पण कॉन्फरन्सला जा, सेमिनारला जा, व्हायव्हाला बसा, पडद्यावर कोएफिशियंट प्लॉट आला रे आला की मागच्या रांगेतून आवाज येतोच, "पण हे तर ओव्हरलॅप होतायत ना?" आणि सगळी खोली माना डोलावते. मी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, 'कमी होतो' ऐवजी 'किंचित बदलतो' लिही ना, कशाला वाद घालतेस?" मॅडम, तुम्हीपण?

एकदा कागदावर करून बघा. समजा दोन वेगळे गट आहेत. एकात अंदाज ०.१०, दुसऱ्यात ०.४०, दोन्हींचा स्टँडर्ड एरर ०.१०. पहिली दांडी साधारण उणे ०.१० पासून ०.३० पर्यंत जाते, दुसरी ०.२० पासून ०.६० पर्यंत. ०.२० ते ०.३० एवढा पट्टा दोघींचा सामाईक. झालं, मागच्या रांगेचं समाधान झालं. आता फरकाकडे बघा. फरक ०.३०. त्याचा स्टँडर्ड एरर ०.२० नाही, कारण दोन एरर सरळ मिळवायचे नसतात. वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. येतात ०.१४. म्हणजे फरकाचा ९५ टक्के इंटरव्हल ०.०२ ते ०.५८. शून्य बाहेर. दांड्या भिडलेल्या आहेत आणि फरकही खरा आहे, दोन्ही एकाच वेळी. यात कुठलीही जादू नाही, अकरावीचं गणित आहे.

याचा जुळा भाऊही तितकाच डोक्यात जातो. एक दांडी शून्याला ओलांडत नाही, शेजारची ओलांडते, म्हणून 'पहिल्या मॉडेलात परिणाम आहे, दुसऱ्यात नाहीसा झाला'. सिग्निफिकंट आणि नॉन-सिग्निफिकंट यांच्यातला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही, हे गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ साली पेपरच्या शीर्षकातच लिहून ठेवलंय. शीर्षकात! आतलं पान उघडायचेही कष्ट नकोत.

आणि वरचं गणित तरी कुणासाठी? वेगवेगळ्या गटांसाठी. माझ्याकडे वेगळे गट नाहीतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९–२१, पाच वर्षांखालची मुलं, वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर आणि आईची शाळेतली वर्षं. मॉडेल १ मध्ये आईचं शिक्षण आणि मुलाचं वय, लिंग. मॉडेल २ मध्ये घराची संपत्ती वाढवली. मॉडेल ३ मध्ये जिल्हा. मुलं तीच, आया त्याच. उद्या नमुन्यात दुसरी गावं आली असती तर तिन्ही ठिपके मिळून एका बाजूला सरकले असते. एकत्र हलणाऱ्या दोन गोष्टींमधलं अंतर हे त्यांच्या प्रत्येकीच्या जागेपेक्षा जास्त नेमकं कळू शकतं, आणि ते अंतर या चित्रात काढलेलंच नाही! जे काढलं नाही ते रिव्ह्यूअर दांड्यांच्या टोकांवरून वाचतोय. काही शहाणे मग ८३-८४ टक्क्यांच्या दांड्या काढा म्हणतात, म्हणजे भिडल्या-न भिडल्या यावरून निकाल लावता येतो. तेही स्वतंत्र आणि साधारण सारख्या एररच्या अंदाजांपुरतंच. इथे लागू नाही.

काय लागू आहे ते मी केलंय. सर्वेक्षणाच्या प्रत्येक स्तरातून पीएसयू, म्हणजे नमुन्यातली गावं आणि शहरी ब्लॉक, पुन्हा पुन्हा उचलायचे, दर वेळी त्याच उचललेल्या मुलांवर दोन्ही मॉडेलं चालवायची आणि फरक लिहून ठेवायचा. त्या फरकांवरून इंटरव्हल काढायचा. स्टेटावाले `suest` ने हेच काम पटकन उरकतात. माझा फरकाचा इंटरव्हल शून्यापासून व्यवस्थित लांब आहे. तो सप्लिमेंटात आहे. सप्लिमेंट कोण उघडतं?

म्हणून म्हटलं, कॅप्शनमध्ये लिहावं. तर त्याच मेलमध्ये खाली संपादकीय कार्यालयाची सूचना: कॅप्शन फार लांब आहे, निम्म्यावर आणा. आणि तिच्या वर, रिव्ह्यूअरचा तिसरा मुद्दा: आकृती मजकूर न वाचता समजली पाहिजे. एकाच मेलमध्ये. एकाच्या खाली एक. कुणीही हा मेल पाठवण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचला नाही का?

आता सांगा, यातलं काय उडवू? मराठीत सांगायचं तर कॅप्शन असा होता: 'आईच्या शिक्षणाचा (दर ५ वर्षांमागे) मुलाच्या वयानुसार उंचीच्या झेड-स्कोअरशी संबंध. ठिपके लिनियर रिग्रेशनचे कोएफिशियंट. दांड्या ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, स्टँडर्ड एरर पीएसयूनुसार क्लस्टर केलेले, सर्वेक्षणाची वेट्स वापरून. मॉडेल १: मुलाचं वय व लिंग, मॉडेल २: शिवाय संपत्तीचे पंचमांश, मॉडेल ३: शिवाय जिल्हा फिक्स्ड इफेक्ट, मॉडेल ४: शिवाय जन्मवजन. मॉडेल १ ते ३ मध्ये तीच मुलं. मॉडेल ४ मध्ये फक्त जन्मवजनाची नोंद असलेली. एकाच नमुन्यावरची मॉडेलं असल्याने दांड्यांच्या ओव्हरलॅपवरून फरक ठरवू नये. फरकाचे इंटरव्हल तक्ता एस-३ मध्ये.'

'९५ टक्के' काढू? मग दांडी कसली हे कुणी सांगायचं? आमच्याच विभागात एका पोस्टरवर सगळ्या दांड्या इतक्या सुबक, इतक्या आखूड होत्या की लोक थांबून कौतुक करत होते. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणे, एक-एक स्टँडर्ड एरर. म्हणजे ६८ टक्के! दुप्पट करून बघितल्या असत्या तर निम्मे निष्कर्ष शून्यात बुडाले असते. 'क्लस्टर' काढू? एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात, ते न धरता एरर काढले की दांड्या आपोआप बारीक होतात आणि चित्र बघून कुणालाही काही कळत नाही. 'दर ५ वर्षांमागे' काढू? एका वर्षाचा कोएफिशियंट शून्याला चिकटून बसतो, शेजारी सर्वांत श्रीमंत विरुद्ध सर्वांत गरीब पंचमांशाचा ठिपका लांब उजवीकडे, आणि वाचक म्हणतो शिक्षणात काही दम नाही. अहो, एकीकडे एक इयत्ता आहे आणि दुसरीकडे अख्खी आर्थिक उतरंड!

आणि ज्यांना कॅप्शनच नको असतो त्यांचे प्लॉट बघा. डाव्या बाजूला `v133`, `factor(v190)5`. हे काय, वाचकाने सर्वेक्षणाचं कोडबुक मांडीवर घेऊन बसायचं? एकाने तर जन्मवजनाच्या `m19` मधला ९९९६ तसाच ठेवला होता. तो 'वजन केलं नाही'चा कोड आहे. याच्या नमुन्यात दहा किलोची बाळं जन्माला येत होती आणि दांडी मात्र बारीक, आत्मविश्वासपूर्ण. शिवाय सहा मॉडेलं, सहा रंग, इंद्रधनुष्य, लेजंड उजवीकडे अर्धं पान खाऊन. कृष्णधवल प्रिंट काढा आणि सांगा मॉडेल ३ कुठलं. आकारही वेगळे द्या की! गोल, त्रिकोण, चौकोन, काय पैसे पडतात?

हो, मला कळतंय की मी रात्री जागून ठिपक्यांच्या आकारावरून चिडले आहे. घरात या विषयावर माझ्याशी कुणी बोलत नाही. मागे भाऊ वर्तमानपत्रातला एक्झिट पोलचा तक्ता कौतुकाने दाखवायला आला होता, मी 'दांड्या कुठायत?' म्हटलं तर पेपर घडी करून निघून गेला.

पण मॉडेल ४ बद्दल बोललेच पाहिजे, कारण त्यावर रिव्ह्यूअरने काहीच आक्षेप घेतला नाही आणि खरा आक्षेप तिथेच घ्यायला हवा होता! जन्मवजन सगळ्या मुलांचं नसतं. घरी बाळंतपण झालेल्यांत ते जास्त वेळा गायब असतं, आणि ती मुलं जास्त गरीब, त्यांच्या आया कमी शिकलेल्या. ती गळाली की मॉडेल ३ ते ४ मधला बदल जन्मवजनामुळे की मुलंच बदलल्यामुळे, हे चित्र सांगू शकत नाही. चारही ठिपके एका ओळीत मांडले की डोळा त्यांना जिन्याच्या पायऱ्यांसारखा वाचतो. खरं तर मॉडेल ३ पुन्हा त्याच कमी मुलांवर चालवून ४ च्या शेजारी ठेवायला हवं. जन्मवजन हा आईच्या शिक्षणाकडून उंचीकडे जाणाऱ्या वाटेवरचाच टप्पा असल्याने तो कंट्रोल म्हणून घालावा का, हा आणखी वेगळा तंटा. पण नाही, आमच्या साहेबांना दांड्या मोजायच्या होत्या.

तर ठरवलंय. वाक्य काढणार नाही. आकृतीत उजवीकडे दुसरी चौकट घालते, त्यात फक्त फरक: २ वजा १, ३ वजा २, आणि तेवढ्याच मुलांवरचं ४ वजा ३, प्रत्येकाची स्वतःची दांडी. मग ओव्हरलॅपचं वाक्य कॅप्शनमधून आपोआप जातं आणि शब्दही वाचतात. मॉडेलांची वर्णनं लेजंडमध्ये ढकलते, तिथे शब्दमर्यादा घालायची कुणाला सुचलेली नाही.

आता ggplot2 शी भांडण. तो पहिलं मॉडेल तळाला काढतो आणि लेजंडमध्ये मात्र वर लिहितो. म्हणून लेजंड उलटं करायचं. फक्त रंगाचं उलटं केलं तर आकाराचं सरळच राहतं आणि एकाच्या जागी दोन लेजंड उगवतात, म्हणून दोन्ही:

```r
geom_pointrange(aes(xmin = conf.low, xmax = conf.high),
                position = position_dodge(width = 0.5)) +
guides(colour = guide_legend(reverse = TRUE),
       shape  = guide_legend(reverse = TRUE))
```

आणि जन्मवजनाची ओळ एकाच मॉडेलात असल्याने तिचा ठिपका चौथ्याच्या जागी न बसता मधोमध येऊन बसलाय. ती ओळच काढून टाकतेय. विचारलंच कुणी तर तक्ता एस-३ बघा म्हणून सांगेन.