टुं-टुं-टुं

आमच्या सोसायटीत २२ फ्लॅट आहेत आणि मी सेक्रेटरी आहे, म्हणजे टाकी धुणारा माणूस उद्या सकाळी येतोय हे सगळ्यांना कळवायचं काम माझं. ग्रुपवर टाकून भागत नाही, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या मते दाराला चिकटवली तीच नोटीस, बाकी सगळ्या गप्पा. म्हणून रात्री नऊला चार ओळी टाईप केल्या, २२ कॉपी टाकल्या आणि प्रिंट दिली. प्रिंटर गप्प. परत दिली. गप्प. अशी सहा वेळा दिली, कारण लिफ्टचं बटण सहा वेळा दाबलं की लिफ्ट लवकर येते असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

कालच दिवाळीची साफसफाई झालेली, त्यात प्रिंटर टेबलावरून उचलून कपाटावर गेला होता, टेबलावर आता चकलीचे डबे. खुर्चीवर चढून बघितलं तर प्रिंटरचा लाईटच बंद. प्लग स्पाईक गार्डमधून काढून तिथे आकाशकंदील लावलेला! मी म्हटलं सापडलं, कंदील काढला, प्रिंटर लावला, बाहेरून बायको ओरडली, "अहो, कंदील गेला!", आत प्रिंटर आला, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही.

मग भाच्याला फोन लावला, तो ऑफिसात हेच करतो. मी तोपर्यंत ड्रायव्हर डाउनलोड करायला घेतला होता, तर तो म्हणाला, "मामा, थांब. ड्रायव्हर नंतर. केबल काढून परत लाव आणि आवाज ऐक." दिवाळीत आवाज ऐक म्हणे! खाली लवंगी फुटतायत, आत कुकर, आणि कॉम्प्युटर मुलाने म्यूट करून ठेवलेला. म्यूट काढलं, खिडकी लावली, केबल लावली. टुं-टुं-टुं. वर एक पाटी पण आली, USB device not recognized.

"तीनदा वाजलं? मग छान," भाचा म्हणाला. मला छान काही वाटेना. त्याचं म्हणणं असं की काहीच वाजलं नाही तर प्रिंटर बंद असेल नाहीतर वायर मेलेली असेल, नीट जोडलं गेलं की चढत्या सुरात दोनदा वाजतं, आणि तीनदा वाजलं म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे हे विंडोजला कळलंय पण तो कोण ते कळत नाहीये. डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावला, तिथे तेच लिहिलेलं:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

म्हणजे दारावर थाप पडली, "कोण?" विचारलं आणि उत्तर धड ऐकू आलं नाही. नावच कळलं नाही तर ड्रायव्हर कोणाचा लावणार? नाव कळूनही ड्रायव्हर नसता तर तिथे Other devices खाली पिवळा त्रिकोण दिसला असता, ते दुखणं वेगळं.

"वायर केवढी आहे?" वायर आपली नेहमीचीच, तीन मीटरची... म्हणत म्हणत हात फिरवत गेलो तर कपाटामागे गाठ लागली. मूळ वायर कपाटापर्यंत पोचेना म्हणून मुलाने मधे अजून तीन मीटरची एक्स्टेन्शन जोडलेली आणि ती सीपीयूच्या पुढच्या पोर्टात खुपसलेली. यूएसबीची साधी केबल पाच मीटरपर्यंत धरायची, त्यापुढे भरवसा नाही, आणि पुढचं पोर्ट आतून अजून एका बारक्या वायरने बोर्डाला जातं, त्यात आणखी दम जातो. एक्स्टेन्शन काढली, प्रिंटर खाली जमिनीवर ठेवला, चौकोनी टोक त्याच्या पाठीत आणि चपटं सीपीयूच्या मागे बसवलं. टु-डुंग! लिस्टमध्ये USB Printing Support पण दिसायला लागलं, मी त्याला जवळजवळ हात जोडले.

तरी कागद येईना. जुना प्रिंटर फिकट, Offline, आणि शेजारी त्याच नावाचा एक नवीन, पुढे Copy 1 लिहिलेला! आधी वायर ज्या भोकात होती ते सोडून दुसऱ्यात लावली की आमच्यासारख्या प्रिंटरला विंडोज नवा पाहुणा समजतं, त्याला USB002 देतं, आणि जुनी नोंद बिचारी USB001 कडे तोंड करून बसते. Printer properties मध्ये Ports मध्ये जाऊन जुन्याच्या नावापुढे USB002 वर टिक केली, झालं.

झालं म्हणजे सुरू झालं. रांगेत सहा वेळा दिलेल्या २२ नोटिसा वाट बघत होत्या, म्हणजे १३२ कागद, आमचा इंकजेट, एकेक कागद कण्हत कण्हत. रांग रद्द करायची अक्कल मला साठाव्या कागदाला आली, तोवर सव्वाबारा झाले होते. बायकोने एक कागद उचलून वाचला आणि म्हणाली, "यात तारीख कुठाय? 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' लिहिलंय. उद्या म्हणजे आता आज ना?"